उभ्या जागी गाडी लागते तेव्हा

आभासी वास्तवातला गेम खेळणारा माणूस आपल्या खोलीत उभा असतो. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर. डाव्या अंगठ्याखालची छोटी स्टिक तो पुढे ढकलतो आणि समोरचा बोळ त्याच्या दिशेने सरकू लागतो. भिंती दोन्ही बाजूंनी मागे जातात, फरशी पायाखालून वाहते. पाय मात्र जागचे हललेले नसतात. काहींना यात काहीच वाटत नाही. पण बऱ्याच जणांना थोड्याच वेळात जांभया येऊ लागतात, कपाळ ओलसर होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मग पोटात ढवळायला लागतं. हेडसेट काढून ठेवला तरी डोकं जड राहतं. कुणाकुणाला तर त्यानंतर कितीतरी तास बरं वाटत नाही.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या एसटीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला गाडी लागते, कारण कान सांगत असतो की आपण वळतोय आणि डोळ्यांपुढचा पडदा तर स्थिर असतो. गेममध्ये हेच उलट्या बाजूने घडतं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कान म्हणतो आपण उभे आहोत. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ साली ‘मोशन सिकनेस’ या पुस्तकात ही विसंगतीची उपपत्ती नीट मांडली. मळमळ का व्हावी, याबद्दल अजून वाद आहेत. पण गेम बनवणाऱ्यांना उपयोगी पडली ती हीच मांडणी. डोळा आणि कान यांच्या साक्षी नेमक्या कुठे जुळत नाहीत ते शोधायचं आणि तेवढाच भाग बदलायचा.

त्यासाठी आधी कानाला काय कळतं आणि काय कळत नाही हे पाहावं लागतं. आतल्या कानात दोन प्रकारची यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोकं वळू लागलं की तो मागे रेंगाळतो आणि त्यावरून वळणं कळतं. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या चुनखडीच्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरावरून सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. या दोन्ही यंत्रणांची एक मर्यादा आहे आणि या लेखातलं बहुतेक सगळं तिच्यावर उभं आहे. कानाला वेग कळत नाही. त्याला फक्त वेगातला बदल, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं त्वरण, कळतं. ताशी नऊशे किलोमीटरने एका रेषेत जाणाऱ्या विमानात डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाचा कान ‘आपण स्थिर आहोत’ असंच सांगत असतो.

म्हणजे गेममध्ये माणूस एकसारख्या वेगाने सरळ पुढे जात असेल, तर कानाची फारशी तक्रार असायचं कारण नाही. खऱ्या चालण्यातही त्या वेळी त्याने जवळपास तेच सांगितलं असतं. भांडण होतं ते सुरुवातीला, थांबताना, वेग कमी-जास्त होताना, वळताना आणि वर-खाली होताना. डोळा बदल दाखवतो आणि कानाकडून त्याला दुजोरा मिळत नाही, असे हे क्षण.

यातून एक निष्कर्ष असा निघतो, की साध्या पडद्यावरचे गेम करून आलेल्यांना तो सुरुवातीला पटत नाही. सपाट पडद्यावर पात्राला चालवताना हालचाल हळू सुरू करून हळू थांबवतात. ते डोळ्याला गोड दिसतं. हेडसेटमध्ये तोच गोडवा बाधतो. स्टिक ढकलल्यावर वेग शून्यापासून दोन मीटर प्रति सेकंदापर्यंत चढायला एक सेकंद घेतला, तर तो सेकंदभर डोळा त्वरण पाहत राहतो आणि कान गप्प असतो. तोच वेग एकदम, एकाच चित्रात दिला तर विसंगती एका चित्रापुरतीच उरते. सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये एक चित्र म्हणजे जेमतेम ११ मिलिसेकंद. एकदम सुरू होणारी आणि एकदम थांबणारी चाल ऐकायला खडबडीत वाटते, पण पोटाला तीच मानवते. चालताना डोकं वर-खाली डोलवण्याची जुनी हौसही याच कारणाने सोडून द्यावी लागते. प्रत्येक डोलणं हे कानाने न पाहिलेलं एक नवं त्वरण असतं.

ही विसंगती मुळातूनच टाळायची, तर चालच दाखवायची नाही. व्हाल्व कंपनीचा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा गेम मार्च २०२० मध्ये आला. त्याच्या सेटिंगमध्ये फिरण्याचे चार प्रकार दिले आहेत आणि ते शेजारी शेजारी वापरून पाहणं हा या विषयाचा उत्तम धडा आहे. पहिल्या प्रकारात, ब्लिंकमध्ये, स्टिक ढकलली की हातातून एक कमान निघते आणि जमिनीवर जिथे पोहोचायचं ती जागा दिसते. स्टिक सोडली की क्षणभर अंधार होतो आणि आपण तिथे असतो. मधला प्रवास डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे कानाला विरोध करायला काही उरत नाही. दुसरा प्रकार शिफ्ट. यात अंधार नसतो. दृश्य झपकन सरकत त्या जागी जातं. हालचाल दिसते, पण ती इतकी थोडा वेळ टिकते की पुष्कळांना चालून जाते. उरलेल्या दोन प्रकारांत स्टिक दाबून ठेवली की सलग चालता येतं. एकात डोकं वळेल त्या दिशेने, दुसऱ्यात हात रोखला असेल त्या दिशेने.

ब्लिंक ही सर्वांत सुरक्षित चाल, पण तिची किंमत मोठी आहे. पाच मीटर अंतर पायाखालून गेलं नाही की ते मनातही उतरत नाही. आपण कुठून आलो, डावीकडचा दरवाजा आता कुठे असेल, हे खेळाडू हरवून बसतो आणि प्रत्येक उडीनंतर थांबून आजूबाजूला पाहतो. व्हाल्वने यावर एक हुशारीचा उपाय केला. उडी मारताना पावलांचे आवाज ऐकू येतात. डोळ्यांपुढे अंधार असतानाही आपण ते अंतर चाललो, असं कान ऐकतो. आवाजाची बाजू सांभाळून अंतराची जाणीव थोडी परत मिळवली आणि तोल सांभाळणाऱ्या नलिकांना मात्र अजिबात डिवचलं नाही. या गेममधली मला सर्वांत आवडलेली रचना हीच.

सलग चालीच्या दोन प्रकारांतला फरकही वरवरचा नाही. डोक्याच्या दिशेने चालायचं ठरवलं तर वाटेतल्या टेबलावर काय पडलंय हे पाहायला मान वळवली की चालही वळते. सरळ रेषेचं वक्र रेषेत रूपांतर होतं आणि वक्र रेषा म्हणजे पुन्हा वेगाच्या दिशेतला बदल. हाताच्या दिशेने चालताना मान मोकळी राहते. पण हात खाली सोडून चालणाऱ्याची दिशा भरकटू शकते. कुणाला काय सोसेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही ठेवावे लागतात.

तरीही पुष्कळ खेळाडूंना सलग चालच हवी असते. बोळातून दबकत पुढे सरकणं, कोपऱ्याआडून डोकावणं, मागे पाहत मागे हटणं हे सगळं उड्यांमध्ये तुटतं. मग सलग चाल ठेवायची आणि तिचा त्रास कमी करायचा कसा? इथे विन्येट कामाला येतो.

जुन्या फोटोंच्या कडा काळ्या होत गेलेल्या असतात, तसा हा काळा पट्टा चित्राच्या कडेने येतो. चालायला लागलं की तो आत सरकतो आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं. थांबलं की पुन्हा उघडतं. कडाच का झाकायच्या, याचं उत्तर साध्या भूमितीत आहे आणि ते एकदा आकडे घालून पाहण्यासारखं आहे.

समजा खेळाडू सेकंदाला दोन मीटर वेगाने बोळातून चालतोय आणि दोन्ही भिंती त्याच्यापासून एकेक मीटरवर आहेत. अगदी समोर, जिकडे तो चाललाय, तिथे काहीच सरकत नाही; तो बिंदू स्थिर असतो. त्याच्यापासून २० अंश बाजूला भिंतीवरची वीट सेकंदाला सुमारे १३ अंश वेगाने सरकताना दिसते. साधारण १०० अंश रुंदीचं दृश्य दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये चित्राची कड मध्यापासून ५० अंशांवर येते. तिथे हाच वेग सेकंदाला ६७ अंश होतो. दृश्याचा सारा लोंढा असा कडांकडून वाहत असतो. त्यातच माणसाच्या दृष्टीची एक ठेवण आहे. कडेने दिसणारी हालचाल ‘आपण स्वतः हलतोय’ अशी जाणीव फार सहज निर्माण करते. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ते खिडकी भरून दिसणाऱ्या तशाच हालचालीमुळे. आता विन्येटने दृश्य १०० अंशांवरून ६० अंशांवर आणलं, तर नवी कड मध्यापासून ३० अंशांवर येते आणि तिथला वेग उरतो सेकंदाला २९ अंश. चित्र रुंदीने चाळीस टक्के कमी झालं, पण डोळ्याला दिसणारा सर्वांत जोराचा प्रवाह निम्म्याहून खाली आला. आणि जे झाकलं गेलं त्यात खेळाडूला चालताना लागणारं फारसं काही नव्हतं. कुठे जायचं ते मध्येच दिसत असतं.

हेच गणित आणखी एक गोष्ट सांगतं. भिंती एक मीटरऐवजी वीस मीटरवर, म्हणजे मोकळ्या मैदानाकडेच्या झाडांच्या रूपात असतील, तर ५० अंशांवरही झाडं सेकंदाला साडेतीन अंशांहून हळू सरकतात. अरुंद बोळ, गच्च विटकाम आणि नक्षीची फरशी यांत चाल जास्त बाधते. मोकळी जागा आणि साध्या भिंती यांत कमी. म्हणजे मळमळ कमी करण्याचं काम एकट्या प्रोग्रॅमरचं नाही. नकाशा आखणारा आणि भिंतींना रंग देणाराही त्यात असतो.

अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फाइनर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात याची रीतसर चाचणी घेतली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा विन्येट खेळाडूच्या आभासी वेगानुसार हळूहळू आत-बाहेर होत होता. तो चालू असताना लोकांना त्रास कमी झाला आणि ते जास्त वेळ टिकले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. बहुतेकांना दृश्य लहान-मोठं होत असल्याचं लक्षातच आलं नाही. त्याच वर्षी युबिसॉफ्टच्या ‘ईगल फ्लाइट’मध्ये पॅरिसवरून गरुडासारखं उडताना आणि ‘गूगल अर्थ व्हीआर’मध्ये पृथ्वीवरून फिरताना हीच युक्ती वापरली गेली. गूगलने तर झाकलेल्या कडांमध्ये काळोखाऐवजी एक स्थिर जाळी दाखवली. आपण एका न हलणाऱ्या खोलीत उभे आहोत आणि खिडकीतून पृथ्वी सरकताना पाहतोय, अशी ती मांडणी. त्यामुळे डोळ्यालाही कानाच्या बाजूने साक्ष देणारं काहीतरी सापडतं.

विन्येट बिघडतो तो बहुतेकदा वेळेत आणि कारणात. तो झटकन आला तर खेळाडूला कुणी डोळे झाकल्यासारखं होतं. फार सावकाश आला तर त्रासाचा मुख्य क्षण, म्हणजे चालीची सुरुवात, निघून गेलेला असतो. साधारण एक तृतीयांश सेकंदात बंद होणं आणि तेवढ्याच वेळात उघडणं बऱ्याच ठिकाणी जमून येतं. काठ कापल्यासारखा धारदार नको, विरत गेलेला हवा. खेळाडू स्टिकला बारीक बारीक टिचक्या मारत पुढे सरकत असेल तर विन्येट लुकलुकू लागतो आणि ते सरकत्या भिंतीपेक्षा वाईट. म्हणून चाल थांबल्यावर उघडण्याआधी तो क्षणभर थांबवतात. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे खेळाडूने स्वतःची मान वळवली किंवा तो खोलीत खरोखर एक पाऊल चालला तरी विन्येट येणं. त्या वेळी डोळा आणि कान यांचं एकमत असतं. तिथे झाकण्यासारखं काही नसतं आणि झाकलं तर खेळाडूची पकड उगाच सुटते. विन्येट फक्त स्टिकने झालेल्या हालचालीला जोडलेला हवा.

वळण्याच्या बाबतीत मात्र विन्येट अपुरा पडतो. पुढे जाताना मध्य स्थिर आणि कडा वेगात, असं चित्र होतं. स्टिकने सलग वळताना तसं नसतं. सेकंदाला ९० अंशांनी वळलं की समोरची भिंत, कडेची भिंत, वीस मीटरवरचं झाड आणि दूरचा डोंगर सगळं सेकंदाला ९० अंशांनीच सरकतं. अंतराने फरक पडत नाही, मध्य आणि कड यांच्यातही पडत नाही. कडा झाकल्या तरी मधल्या वर्तुळातला प्रवाह तेवढ्याच जोराचा उरतो. त्यात खेळाडूने नेमकं तेव्हाच डोकं खाली किंवा बाजूला झुकवलं तर अवस्था आणखी बिघडते. सरकत्या दृश्यात मान वाकवल्याने येणारी ही गरगर हेडसेट यायच्या कितीतरी आधीपासून शास्त्रज्ञांना माहीत आहे.

म्हणून वळण्यासाठी तुकड्यातुकड्यांचं वळण, म्हणजे स्नॅप टर्न. उजव्या हाताची स्टिक उजवीकडे टिचकावली की दृश्य एका चित्रातून दुसऱ्या चित्रात थेट ३० किंवा ४५ अंश फिरलेलं दिसतं. मधली फिरकी दाखवलीच जात नाही, त्यामुळे दृश्याचा प्रवाह तयार होत नाही आणि नलिकांनी त्याला नाकारण्याचा प्रसंग येत नाही. ४५ अंशांच्या आठ टिचक्यांत आणि ३० अंशांच्या बारा टिचक्यांत पूर्ण फेरी होते. हे आकडे मुद्दाम असे घेतात. दोन-तीन टिचक्यांत काटकोन झाला की पाठीमागचा दरवाजा किती टिचक्यांवर आहे हे हाताला पाठ होतं. ४० किंवा ५० अंश ठेवले तर बोळाच्या काटकोनी वळणावर खेळाडू कधीच सरळ उभा राहत नाही आणि दर वेळी मान थोडी वळवून दुरुस्ती करत बसतो.

स्नॅप टर्नमध्ये एक चूक इतकी नेहमीची आहे, की ती ओळखायची खूण सांगून ठेवावी. खेळाडू ज्या खोलीत उभा आहे तिचा एक मध्यबिंदू गेमला माहीत असतो. प्रोग्रॅमरने दृश्य त्या मध्यबिंदूभोवती फिरवलं तर मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला काही कळत नाही. पण तो मध्यापासून एक मीटर बाजूला सरकलेला असेल, तर ४५ अंशांच्या एका टिचकीत तो वळतोच आणि शिवाय सुमारे ७७ सेंटिमीटर बाजूला फेकला जातो. समोरची भिंत अचानक नाकाशी येते, कधी तो भिंतीच्या आत सापडतो. बनवणारा स्वतः मध्यावर उभा राहून तपासत असल्याने त्याला ही चूक दिसत नाही. खूण सोपी आहे. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, गेममधल्या एखाद्या खांबाला हात लागेल इतक्या जवळ जायचं आणि एकाच दिशेला आठ टिचक्या मारायच्या. खांब प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर राहिला तर फिरणं डोक्याभोवती होतंय. खांब जवळ-दूर होऊ लागला तर चूक आहे.

दुसरी अडचण स्टिक दाबून ठेवण्याची. काही गेममध्ये स्टिक धरून ठेवली की दृश्य ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा टिचकत राहतं. अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असेल तर ठीक. पण ते फार कमी झालं की तुकडे जोडले जाऊन सलग फिरकीसारखंच काहीतरी तयार होतं आणि टाळलेला त्रास दुसऱ्या दाराने आत येतो. एक टिचकी झाल्यावर स्टिक मध्यावर परत येईपर्यंत दुसरी न देणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

आता हे सगळं एका छोट्या जागेत एकत्र पाहू. गेममध्ये बारा मीटरचा बोळ आहे, त्यापुढे उजवीकडे काटकोनी वळण, मग बारा पायऱ्या आणि वर मोठं दालन. दोन मीटर वेगाने बोळ सहा सेकंदांत संपतो. या सहा सेकंदांत विन्येट ६० अंशांवर असतो आणि भिंतींवर ठळक उभे पट्टे टाळलेले असतात, कारण पट्टे जितके ठळक तितका प्रवाह डोळ्यात भरतो. वळणावर खेळाडू थांबतो आणि ४५ अंशांच्या दोन टिचक्या मारतो. किंवा, त्याहून चांगलं, तो स्वतःच्या पायांवर काटकोनात वळतो. खऱ्या वळण्यात कान पूर्णपणे त्याच्या बाजूने असतो. सर्वांत वाईट जागा पुढे आहे, ती पायऱ्यांची. प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर उंच असेल आणि दृश्य पायरीगणिक वर उचललं जात असेल, तर पाठोपाठ बारा उभे धक्के डोळ्याला दिसतात आणि कानाला त्यातला एकही लागत नाही. मी असा जिना करणाऱ्यांना सांगेन की पायऱ्या डोळ्यांना दिसू द्या, पण खेळाडूला त्यांच्यावर टाकलेल्या अदृश्य उतरणीवरून एकसारखं वर न्या. सलग चाल वापरणाऱ्यालाही जिन्यापुरता वरच्या पायरीवर उडी मारण्याचा मार्ग द्या. दालनात पोहोचल्यावर भिंती दूर गेलेल्या असतात. तिथे विन्येट ८० अंशांपर्यंत उघडा ठेवला तरी भागतं.

या सगळ्याच्या आधी एक अट मात्र पाळावी लागते. सेकंदाला ९० चित्रं द्यायची असतील तर ती द्यायलाच हवीत. दालनात एकदम वीस शत्रू आले आणि चित्रं अडखळू लागली, तर खेळाडूने मान वळवल्यावर दृश्य किंचित उशिरा वळतं. म्हणजे आतापर्यंत जिथे डोळा आणि कान यांचं एकमत होतं, त्या खऱ्या हालचालीतही भांडण सुरू होतं. ते विन्येटने झाकता येत नाही आणि स्नॅप टर्नने टाळता येत नाही. कुणी ‘मी नुसता उभा राहून इकडेतिकडे पाहत होतो तरी मळमळलं’ असं सांगितलं, तर चालीच्या सेटिंगकडे न जाता आधी चित्रांचा वेग तपासावा.

तपासणी कुणावर करायची, हाही प्रश्न आहे. गेम बनवणारा महिनोन्‌महिने हेडसेट घालून काम करत असतो आणि त्याचा मेंदू या विसंगतीला सरावलेला असतो. म्हणून तो सर्वांत निरुपयोगी परीक्षक. नवे लोक लागतात, आणि एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा तितका नवा राहत नाही. १९९३ साली रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी विमानचालनाच्या सिम्युलेटरसाठी बनवलेली प्रश्नावली अजूनही वापरतात. तिच्यात मळमळ, डोळ्यांवरचा ताण, गरगरणं अशी सोळा लक्षणं असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ती आधीही भरून घ्यावी लागते, कारण माणूस डोकेदुखी घेऊनच आला असेल तर दोष गेमचा नसतो. खेळ चालू असताना दर मिनिटाला शून्य ते वीस यांमधला एकच आकडा तोंडी विचारण्याची पद्धतही आहे. ती मला जास्त बोलकी वाटते. बोळात दोन, वळणावर दोन, जिन्यावर सात, दालनात पुन्हा सहा असे आकडे आले तर कुठे हात घालायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. जिन्यावर चढलेला आकडा दालनात लगेच उतरत नाही, हेही त्यात दिसतं. त्रास साचतो, आणि मळमळ जिथे जाणवली तिथेच तिचं कारण असेल असं नाही.

उपायांना मर्यादा आहेत. विन्येटचा फायदा सगळ्या प्रयोगांत सारखा दिसलेला नाही आणि काही खेळाडूंना अरुंद दृश्यच नकोसं होतं. डोळ्यांचा मागोवा घेणाऱ्या नव्या हेडसेटमध्ये वर्तुळ नजरेबरोबर सरकवून पाहिलं गेलं आहे. पण ज्या माणसाला झोपाळ्यावरही गरगरतं, त्याच्यासाठी उडी आणि तुकड्यांचं वळण यांपलीकडे आज फारसं काही नाही. म्हणून गेम पहिल्यांदा उघडताना या दोन्ही गोष्टी चालू असाव्यात, आणि ज्याला सलग चाल सोसते त्याने ती स्वतः निवडावी. उलट ठेवलं तर नवखा माणूस सेटिंगपर्यंत पोहोचायच्या आधीच हेडसेट उतरवून ठेवतो. आणि हे पर्याय मुख्य मेनूत दडवून भागत नाही. खेळ न थांबवता, मनगटाजवळच्या एखाद्या बटणावर ते बदलता आले पाहिजेत, कारण पहिली जांभई येते ती जिन्याच्या सहाव्या पायरीवर.